डिव्हाइस लिमिट संपली आणि क्लास बंद पडला: बाकीची लॉगिन कोणत्या क्रमाने काढायची

नागपुरात नंदनवनला माझी अभ्यासिका आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडून नीट आणि जेईईच्या तयारीला आलेली पोरं इथे बसतात. महिन्यातून तीन-चार वेळा तरी कुणीतरी पडलेल्या चेहऱ्याने काउंटरवर येतं आणि फोन पुढे करतं. ऑनलाइन क्लासच्या ॲपमध्ये स्क्रीनवर लिहिलेलं असतं की तुमचं खातं जास्त डिव्हाइसवर चालू आहे. आणि पुढचं वाक्य जवळजवळ ठरलेलं असतं: "काका, ॲप उडवून पुन्हा टाकलं न मी, तरी तेच येऊन राहिलं."

घोळ नेमका तिथेच असतो. ॲप उडवलं की लॉगिन संपलं, असं सगळ्यांना वाटतं. पण तुमचं लॉगिन फक्त फोनमध्ये नसतं. त्याची एक नोंद प्लॅटफॉर्मच्या सर्व्हरवर असते आणि तुम्ही 'लॉग आउट' दाबेपर्यंत, किंवा तिची मुदत संपेपर्यंत, ती तशीच राहते. ॲप उडवताना सर्व्हरला काहीच कळत नाही. म्हणजे भाड्याच्या खोलीची किल्ली नाल्यात फेकली, पण घरमालकाच्या वहीत नाव तसंच राहिलं. पुन्हा ॲप टाकलं की बरीच ॲप्स नवा ओळख क्रमांक तयार करतात. मग सर्व्हरला तोच फोन नवा दिसतो आणि एकाच फोनच्या दोन नोंदी होतात. जागा मोकळी करायला गेलात आणि आणखी एक भरून बसलात.

गेल्या पावसाळ्यात तुमसरकडची एक मुलगी शनिवारी संध्याकाळी अशीच आली. रविवारी दुपारी २ वाजता तिची सराव परीक्षा होती. तिच्या प्लॅटफॉर्मची मर्यादा चार डिव्हाइसची होती. नवा टॅब घेतला, त्यावर लॉगिन केलं, नकार आला. जागा व्हावी म्हणून तिने फोनमधलं ॲप उडवलं, पुन्हा टाकलं, आणि आता फोनही बाहेर, टॅबही बाहेर. खाली जे टप्पे दिले आहेत, त्यांत तिचंच उदाहरण धरून चालतो.

## टप्पा १ : हात थांबवा आणि संदेश नीट वाचा

सगळ्यात आधी काहीही दाबायचं थांबवा. पासवर्ड चुकवत बसू नका, पाच वेळा ओटीपी मागवू नका, इन्कॉग्निटोमध्ये उघडून पाहू नका. इन्कॉग्निटो बंद करून पुन्हा उघडलं की दर वेळी सर्व्हरला ते नवं ब्राउझर वाटतं, त्यामुळे ती वाट उलट अडचणीची.

मग संदेशाचा स्क्रीनशॉट घ्या आणि तो पूर्ण वाचा. 'डिव्हाइस जास्त झाले' या एका तक्रारीखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात आणि तिन्हींचा उपाय वेगळा आहे.

पहिली गोष्ट म्हणजे एकाच वेळी दोन ठिकाणी व्हिडिओ चालू असणं. संदेशात 'दुसऱ्या डिव्हाइसवर सुरू आहे' अशा अर्थाचं काही लिहिलेलं असतं. इथे काही काढायची गरज नसते. व्हिडिओ चालू असताना प्लेयर ठरावीक वेळाने सर्व्हरला 'मी चालू आहे' असं कळवत असतो. मध्येच नेट गेलं किंवा फोन बंद पडला तर 'मी थांबलो' हा निरोप जातच नाही, आणि सर्व्हर थोडा वेळ ती जागा भरलेलीच धरतो. सगळीकडचा व्हिडिओ बंद करून पंधरा मिनिटं थांबा. बहुतेक वेळा आपोआप सुटतं.

दुसरी गोष्ट म्हणजे नोंदवलेल्या डिव्हाइसची मर्यादा भरणं. कितीही थांबलात तरी ती बहुधा सुटत नाही, जुनी नोंद काढावीच लागते. हा लेख मुख्यतः तिच्यासाठी आहे.

तिसरी म्हणजे प्लॅटफॉर्मने संशयावरून खातंच गोठवणं. संदेशात 'खाते तात्पुरते बंद' किंवा 'सपोर्टशी संपर्क करा' असं असतं. इथे तुमच्या हातात काही नाही. थेट टप्पा ६ कडे जा. मधले टप्पे करत बसलात तर प्रयत्नांची संख्या वाढते आणि संशय आणखी पक्का होतो.

तपासणी : पंधरा मिनिटांनी, सगळे व्हिडिओ बंद असताना, तोच संदेश पुन्हा आला तर प्रकार दुसरा समजा.

## टप्पा २ : काही काढायच्या आधी ओटीपीची वाट मोकळी करा

लोक सगळ्यात जास्त इथे फसतात. 'सगळ्या डिव्हाइसवरून लॉग आउट' हे बटण समोर दिसतं, आनंदाने दाबलं जातं, आणि मग लक्षात येतं की परत आत जायला ओटीपी लागणार, आणि तो गावाकडे बाबांच्या फोनवर जाणार. बाबा शेतात, फोन घरी चार्जिंगला.

म्हणून आधी हे बघा:

1. खात्यावर नोंदवलेला मोबाइल नंबर कोणाचा आहे? प्रवेश घेताना फी ज्यांनी भरली, त्यांचाच नंबर अनेकदा दिलेला असतो.
2. तो नंबर आज चालू आहे का? रिचार्ज संपून बरेच दिवस झाले असतील तर येणारे मेसेजही थांबतात. दुसऱ्या सिममध्ये पैसे टाकले आणि हे सिम तसंच राहिलं, हे घरोघरी होतं. आधी त्या नंबरवर एक साधा एसएमएस पाठवून तो पोहोचतो का ते विचारा.
3. नोंदवलेला ईमेल उघडता येतो का? त्याचा पासवर्ड आठवतो का?
4. लॉगिन कशाने होतं: पासवर्डने, फक्त ओटीपीने, की गुगल खात्याने?

फोन धरून बसणारं माणूस गावाकडे तयार ठेवा, आणि ओटीपी बोलून घ्या. लिहून फॉरवर्ड करत बसलात तर तेवढ्यात मुदत संपते. एकच ओटीपी मागवा आणि तोच वापरा. दोनदा मागवला तर सहसा आधीचा बाद होतो, आणि बाबा नेमका आधीचा वाचून दाखवतात.

नोंदवलेला नंबर बदलायचा असेल तर तो आत्ता, एखादं लॉगिन जिवंत असतानाच बदला. सेटिंग्जमधून नंबर बदलण्यासाठी खात्याच्या आत असावं लागतं. एकदा बाहेर पडलात की हेच काम सपोर्टच्या मेलवर जातं आणि तिथे दिवस मोडतात.

सावध : ओटीपी फक्त घरचं माणूस आणि तुम्ही, एवढ्यातच राहिला पाहिजे. अभ्यासिकेत शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल असा मोठ्याने उच्चारू नका. हे मी रोज ऐकतो म्हणून सांगतो.

## टप्पा ३ : अजून कुठलं लॉगिन जिवंत आहे ते शोधा

यादी बघायला आणि नोंदी काढायला बहुतेक ठिकाणी आधीपासून आत असलेलं एक डिव्हाइस लागतं. तेच तुमचं दार. ते सापडेपर्यंत कुठलंही ॲप उडवू नका, ब्राउझर साफ करू नका, फोन रीसेट करू नका.

तुमसरच्या त्या मुलीला वाटलं, आपलं सगळं गेलं. मी तिला विचारलं, "फोनच्या क्रोममध्ये कधी ही वेबसाइट उघडली होती का?" एकदा ॲपचं अपडेट अडकलं होतं तेव्हा उघडली होती. क्रोममध्ये पत्ता टाकला आणि तिचा डॅशबोर्ड सरळ समोर आला. ॲप उडालं होतं, पण त्याच फोनच्या ब्राउझरचं लॉगिन वेगळं असतं आणि ते जिवंत होतं.

म्हणून या क्रमाने शोधा: फोनचं ब्राउझर, घरचा लॅपटॉप, जुना फोन, आई-बाबांचा फोन, आणि शेवटी अभ्यासिकेचा किंवा सायबर कॅफेचा संगणक. जुना फोन महिनाभर बंद असेल तर तो चार्ज करून नेटला जोडा. लॉगिन असेल तर दार सापडलं.

दार सापडलं की आधी हे तीन जपून घ्या. कुठलीही चाचणी अर्धवट चालू असेल तर ती नेट चालू ठेवून जमा करा, कारण न पोहोचलेली उत्तरं लॉग आउटनंतर हाती लागत नाहीत. नोट्सच्या पीडीएफ उतरवण्याची मुभा असेल तर उतरवून घ्या. आणि ॲपमध्ये डाउनलोड केलेल्या व्हिडिओंची नावं लिहून ठेवा. हे व्हिडिओ कुलूपबंद स्वरूपात ठेवलेले असतात आणि त्यांची परवानगी त्या फोनवरच्या लॉगिनला बांधलेली असते. लॉग आउट झालं की बहुतेक ॲप्समध्ये ते पुसले जातात किंवा उघडत नाहीत. होस्टेलवर रोज दीड-दोन जीबी डेटावर भागवणाऱ्याला सगळे धडे पुन्हा उतरवायला आठवडा जातो. ज्या फोनमध्ये जास्त डाउनलोड आहेत, तो शक्यतो न काढणं बरं.

## टप्पा ४ : यादी वाचा, अनोळखी नाव म्हणजे चोर नव्हे

प्रोफाइल किंवा सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस', 'लॉगिन', 'सुरक्षा' अशा नावाखाली यादी असते. पूर्ण यादीचा स्क्रीनशॉट घ्या आणि वहीत प्रत्येक ओळीपुढे लिहा: कोणाचं, कुठलं, ठेवायचं की काढायचं. हे फोनवर डोक्यात करू नका. दोन ओळी सारख्या दिसल्या की हमखास चुकीची काढली जाते.

या यादीतली नावं माणसाने दिलेली नसतात. मशीनने स्वतःबद्दल सांगितलेलं जसंच्या तसं तिथे छापलं जातं, म्हणून घाबरायला होतं. ओळखायच्या काही खुणा अशा:

`SM-` ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे सॅमसंगचा फोन, `RMX` म्हणजे रियलमी, `CPH` म्हणजे ओप्पो, कधी वनप्लसही. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'फोनबद्दल' या जागी मॉडेल क्रमांक असतो, तो यादीशी ताडून बघा.

`Android 10; K` अशी किंवा नुसतं `K` अशी ओळ दिसली तर पोरं हादरतात. "काका, हा के कोण?" के कोणीही नाही. अँड्रॉइडवरचं क्रोम आता खासगीपणासाठी फोनचं खरं मॉडेल वेबसाइटला सांगत नाही. सगळ्यांच्या ठिकाणी `K` असंच लिहून पाठवतं, आणि अँड्रॉइडची आवृत्ती काहीही असली तरी १० सांगतं. त्या मुलीच्या यादीतला `K` तिचाच फोन होता, तिने नुकतंच उघडलेलं तेच क्रोम.

`Linux` दिसलं आणि घरात कोणाकडे लिनक्स नाही, तर आठवा: फोनच्या क्रोममध्ये 'डेस्कटॉप साइट' चालू करून कधी नोट्स उघडल्या होत्या का? तसं केलं की फोनही स्वतःला लिनक्सचा संगणक म्हणवतो. विंडोज ११ चा लॅपटॉपही बऱ्याच याद्यांमध्ये विंडोज १० म्हणूनच दिसतो.

गावाच्या नावावर तर अजिबात विसंबू नका. तुम्ही नंदनवनात बसलेले आणि यादीत मुंबई किंवा पुणे दिसतं, कारण मोबाइल नेटचा पत्ता तुमच्या जागेचा नसून कंपनीच्या दूरच्या केंद्राचा असतो. घरच्या वायफायवर गाव जास्त बरोबर येतं, पण तेही पक्कं नसतं.

वेळ बघताना एक गंमत ध्यानात ठेवा. काही याद्या वेळ आपल्या घड्याळाने न दाखवता जागतिक वेळेने दाखवतात, जी आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. तुम्ही सकाळी ८ वाजता धडा पाहिला आणि यादीत पहाटे २:३० दिसलं, तर ते तुम्हीच. आत्ता जे डिव्हाइस वापरता आहात, त्याची ओळ शोधा आणि तिची वेळ हातातल्या घड्याळाशी जुळवा. फरक किती तो लगेच कळेल.

तिच्या वहीत अखेर चार ओळी उतरल्या:

1. `SM-A` ने सुरू होणारा फोन, ॲप. तिचाच, पण हे उडवलेल्या ॲपचं भूत. काढायचं.
2. `RMX` ने सुरू होणारा फोन, ॲप. तिचा जुना फोन, आता धाकट्या भावाकडे.
3. `Android 10; K`, मुंबई. तिच्याच फोनचं क्रोम. सध्याचं दार, सगळ्यात शेवटी बघायचं.
4. विंडोज १०, क्रोम, बारा दिवसांपूर्वी. माझ्याच अभ्यासिकेचा संगणक. लॉग आउट न करता खिडकी बंद केली होती.

तपासणी : वहीतली प्रत्येक ओळ तुमच्या ओळखीच्या वस्तूला जोडता आली का? आली तर टप्पा ५ क. एखादी शेवटपर्यंत जुळत नसेल तर टप्पा ५ ख.

## टप्पा ५ क : सगळी डिव्हाइस घरचीच असतील तर

एकेक करून काढा. 'सगळी काढा' हे बटण सोयीचं वाटतं, पण त्याने तुमचं दारही बंद होऊ शकतं आणि कुठल्या ओळीमुळे अडचण होती ते कळतही नाही.

आधी मेलेली नोंद काढा, म्हणजे ज्या ॲपचं अस्तित्वच उरलं नाही ती. त्यात कोणाचं काही जात नाही, आणि बटण खरंच काम करतं की नाही हेही कळतं. तिची पहिली ओळ काढली, पान पुन्हा उघडलं, यादीत तीन उरल्या.

मग सार्वजनिक संगणक. तो दुरून काढला तरी चालतो, पण जवळ असेल तर तिथे जाऊन रीतसर लॉग आउट करा आणि क्रोमने पासवर्ड साठवला असेल तर तोही पुसा. दुरून लॉगिन काढल्याने साठवलेला पासवर्ड जात नाही. पुढच्या मुलाला तो आपोआप भरलेला दिसेल. आमच्या संगणकावर तिचा पासवर्ड खरोखरच साठवलेला निघाला.

घरच्या माणसाकडचा फोन असेल तर आधी त्याला फोन करा. तिच्या भावाने त्या जुन्या फोनवर फिजिक्सचे धडे पाहायला सुरुवात केली होती, हे तिलाच माहीत नव्हतं. बहुतेक प्लॅटफॉर्मच्या अटींत खातं एकाच विद्यार्थ्यासाठी असतं आणि दोघांनी वापरलं तर पुढची पायरी खातं गोठवण्याची असते, हे तिने त्याला समजावलं. त्याने स्वतःच ॲपमधून लॉग आउट केलं. असं केल्याचा फायदा म्हणजे सर्व्हरवरची नोंद आणि फोनमधलं लॉगिन दोन्ही एकदम जातात, आणि तो पुन्हा आत शिरून जागा भरत नाही.

सावध : काढण्याआधी ठरवा की पुढे कुठली डिव्हाइस ठेवायची. काही प्लॅटफॉर्म ठरावीक काळात किती वेळा डिव्हाइस बदलता येतील, यावरही मर्यादा ठेवतात. आज टॅब, उद्या लॅपटॉप, परवा पुन्हा टॅब असं केलंत तर जागा रिकामी असूनही नवं लॉगिन नाकारलं जातं.

## टप्पा ५ ख : एखादं डिव्हाइस खरोखरच अनोळखी असेल तर

इथे क्रम उलटा. आधी पासवर्ड बदला, मग सगळी लॉगिन काढा. नुसतं लॉगिन काढलंत आणि पासवर्ड तोच ठेवलात, तर समोरचा दोन मिनिटांत पुन्हा आत येतो आणि तुम्ही मोकळी केलेली जागा तोच घेतो. दुसरीकडे, पासवर्ड बदलला म्हणजे जुनी लॉगिन आपोआप तुटतीलच असंही नाही. काही ठिकाणी तुटतात, काही ठिकाणी चालूच राहतात. म्हणून दोन्ही करायचं, याच क्रमाने. इथे मात्र 'सगळी काढा' बटण योग्य. टप्पा २ झालेला असल्याने परत आत येणं अवघड नाही.

लॉगिन गुगलने होत असेल तर गुगल खातंही बघावं लागतं. `myaccount.google.com` वर सुरक्षेच्या भागात तुमच्या डिव्हाइसची यादी आहे. तिथे अनोळखी काही असेल तर ते काढून गुगलचा पासवर्ड बदला. पण गुगलमधून काढलं म्हणजे कोचिंगच्या ॲपमधून निघालं, असं नाही. आत शिरताना गुगलने फक्त ओळख पटवून दिलेली असते, त्यानंतरचं लॉगिन प्लॅटफॉर्मचं स्वतःचं असतं. दोन्ही ठिकाणी वेगवेगळं काढा.

लॉगिन फक्त ओटीपीने होत असेल तर पासवर्ड बदलण्याचा प्रश्नच नाही. तेव्हा विचारायचं एवढंच, की तो ओटीपी कोणी सांगितला? घरी विचारा. अनेकदा उत्तर 'तुझ्या मित्राचा फोन आला होता, नोट्स पाहिजे म्हणत होता' असं निघतं.

## टप्पा ६ : यादीच नसेल, किंवा खातं गोठलं असेल

बऱ्याच ॲप्समध्ये यादी नसते. लॉगिनच्या स्क्रीनवरच 'बाकी सगळीकडून काढून इथे सुरू करा' असा पर्याय येतो. टप्पा २ पूर्ण असेल आणि डाउनलोड जाण्याची तयारी असेल, तर तो वापरायला हरकत नाही. जे डिव्हाइस मुख्य ठेवायचं त्यावरच दाबा, मित्राच्या फोनवर 'चालतं का बघू' म्हणून नाही.

तोही पर्याय नसेल तर सपोर्ट. सपोर्टचा पत्ता ॲपच्या आतून किंवा पैसे भरल्याची जी पावती मेलवर आली होती तिच्यातून घ्या. इंटरनेटवर 'कस्टमर केअर नंबर' शोधू नका. ठगांनी पेरलेले नंबर तिथे वर येतात. फोनवरचा माणूस स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगू लागला, ओटीपी मागू लागला किंवा 'अनलॉकची फी' म्हणू लागला, तर फोन ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवा.

मेल नोंदवलेल्या ईमेलवरूनच पाठवा. मजकूर छोटा आणि नेमका असू द्या, उदाहरणार्थ:

> माझ्या खात्यावर डिव्हाइस मर्यादा पूर्ण झाल्याचा संदेश येतो (स्क्रीनशॉट जोडला आहे). नोंदवलेला नंबर, शेवटचे चार अंक : ____. पावती क्रमांक : ____. संदेश प्रथम आल्याची तारीख व वेळ : ____. जुनी सर्व लॉगिन काढून टाकावीत. यापुढे मी फक्त हा फोन (मॉडेल : ____) आणि हा टॅब (मॉडेल : ____) वापरणार आहे.

हेच इंग्रजी किंवा हिंदीत लिहिलंत तर उत्तर लवकर येण्याची शक्यता जास्त. पासवर्ड, ओटीपी, कार्डाचा पूर्ण नंबर यांपैकी काहीही लिहू नका. एकाच विषयाचे पाच मेल टाकू नका. पाच वेगळ्या तक्रारी तयार होतात आणि प्रत्येकीला वेगळा माणूस 'ॲप पुन्हा टाकून बघा' असं उत्तर देतो. त्याच मेलला उत्तर देत पुढे जा.

## टप्पा ७ : खरंच निघालं का ते पाहा, आणि मगच नवं लॉगिन

काढलेलं डिव्हाइस लगेच बंद पडलं नाही तर बावरू नका. आत शिरताना ॲपला सहसा थोड्या वेळापुरता पास मिळालेला असतो. सर्व्हरने मूळ नोंद काढली तरी तो छोटा पास संपेपर्यंत चालू धडा चालत राहू शकतो. त्या डिव्हाइसवर ॲप पूर्ण बंद करून, नेट चालू ठेवून पुन्हा उघडा. लॉगिनचं पान आलं तर काम झालं. विमान मोडमध्ये ही चाचणी करू नका. नेट नसताना डाउनलोड केलेला धडा चालला, तर त्यावरून काही सिद्ध होत नाही.

मग दारातून बाहेर न पडता यादी पुन्हा उघडा आणि वहीतल्या ओळींशी ताडा. जागा दिसली की मुख्य डिव्हाइसवर एकदाच लॉगिन करा. ते स्थिर झालं, एक धडा चालला, की दुसरं. शेवटी, नको असेल तर ब्राउझरचं दार रीतसर लॉग आउट करून बंद करा.

त्या मुलीने रात्री सव्वानऊला फोनच्या ॲपवर लॉगिन केलं, दहा मिनिटांनी टॅबवर, आणि क्रोममधून सगळ्यात शेवटी बाहेर पडली. सराव परीक्षेचं पान टॅबवर रात्रीच उघडून पाहिलं, दुपारी दोन वाजता नव्हे.

## पुन्हा भरू नये म्हणून

मर्यादा बहुतेकांची दुसऱ्यांदा भरते ती या कारणांनी. फोन साफ करणारी ॲप्स ब्राउझरच्या कुकीज पुसतात, आणि दर वेळी नवं लॉगिन नवी नोंद करतं. 'ड्युअल ॲप' मधली दुसरी प्रत वेगळं डिव्हाइस म्हणून मोजली जाऊ शकते. फोन रीसेट करण्याआधी किंवा एक्स्चेंजमध्ये देण्याआधी आतून लॉग आउट केलेलं नसतं.

आणि अभ्यासिकेचा संगणक. क्रोमच्या गेस्ट मोडमध्ये बसलात तर खिडकी बंद होताच त्या संगणकावरच्या खुणा जातात, हे चांगलंच. पण सर्व्हरवरची नोंद त्याने जात नाही. आधी प्लॅटफॉर्मचं 'लॉग आउट', मग खिडकी बंद. मी आता प्रत्येक मॉनिटरखाली एवढं एकच वाक्य चिकटवलं आहे. तरी परवा एकाने विचारलं, "काका, खिडकी बंद केली तर चालते न?"

आठवडाभराने यादी एकदा उघडून बघा. काढलेली ओळ परत आली असेल, तर ते डिव्हाइस ज्याच्या हातात आहे त्याने पुन्हा लॉगिन केलं आहे. ओळखीचा असेल तर त्याच्याशी बोला, नसेल तर टप्पा ५ ख पहिल्यापासून करा.